पाण्यातला लांबीचा हिशेब

2007 साली ब्रिटनमध्ये उंच माणसं शोधायची मोहीम निघाली. तिचं नाव ‘स्पोर्टिंग जायंट्स’. 2012चं ऑलिंपिक लंडनला होणार होतं आणि रोइंग, हँडबॉल, व्हॉलीबॉल या खेळांसाठी नवे खेळाडू हवे होते. तो खेळ आधी कधी खेळला नसलात तरी चालणार होतं. कडक अट उंचीची होती: पुरुष किमान 190 सेंटिमीटर, महिला 180. हेलन ग्लोव्हर या मापात थोडक्यात कमी पडत होती. उंची घेताना ती हळूच चवड्यांवर उभी राहिली आणि आत शिरली, हा किस्सा तिनेच पुढे सांगितला. पाच वर्षांनी हेदर स्टॅनिंगच्या जोडीने तिने लंडनमध्ये सुवर्णपदक जिंकलं. यजमान देशाचं त्या स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्ण. 2016ला रिओत या जोडीने ते पुन्हा जिंकलं.

आपल्याकडचा दत्तू भोकनळही असाच उंचीमुळे नावेत बसला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा 2012 साली लष्करात भरती झाला. पुण्यात आल्यावर प्रशिक्षकांची नजर त्याच्या उंचीवर गेली आणि त्याच्या हाती वल्ही आली. चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकच्या सिंगल स्कल्स शर्यतीत उतरला आणि तेरावा आला. 2018च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्ण जिंकणाऱ्यांतही तो होता.

उंच माणूस बहुधा ताकदवानही असतो, त्यामुळे यात नवल काय, असं कुणी म्हणेल. पण ताकद अगदी सारखी असली तरीही पाण्यात लांब हातापायांचा माणूस पुढे राहतो. हे का होतं ते समजून घ्यायला आधी रोइंगचं मशीन बघू, कारण तिथे लाटा नाहीत, वारा नाही, नाव डगमगत नाही. दांडा किती जोराने आणि किती लांब ओढला एवढंच ते मोजतं.

समजा दोन गडी मशीनवर बसलेत. दोघेही दांड्यावर सरासरी 400 न्यूटनचा जोर लावतात, म्हणजे सुमारे 40 किलोचं ओझं उचलायला लागतो तेवढा. एकाची उंची आणि हात लांब, तो दांडा दर खेपेला दीड मीटर ओढतो. दुसरा ठेंगणा, त्याचा दांडा 1 मीटर 35 सेंटिमीटरच येतो. भौतिकशास्त्रात काम म्हणजे जोर गुणिले अंतर. पहिल्याचं एका खेपेचं काम 600 ज्यूल, दुसऱ्याचं 540. दोघेही मिनिटाला 34 वेळा ओढत असतील तर पहिल्याची शक्ती भरते 340 वॅट, दुसऱ्याची 306. मशीनच्या नेहमीच्या सूत्रात हे आकडे घातले की 2000 मीटरची वेळ निघते. उंच गडी 6 मिनिटं 44 सेकंदांत संपवतो, ठेंगणा 6 मिनिटं 58 सेकंदांत. हीच वेळ पाण्यावरची मानली, तर पहिला रेषा ओलांडतो तेव्हा दुसरा जवळजवळ 70 मीटर मागे असतो. एका माणसाची शर्यतीची नाव साधारण आठ मीटरची असते, त्यावरून अंतराचा अंदाज यावा. दंड दोघांचे सारखेच होते.

यावर ठेंगण्याकडे उत्तर आहे. त्याने मिनिटाला 34 ऐवजी 38 वेळा ओढावं, हिशेब बरोबर होतो. त्याचा दांडा कमी अंतर जातो, म्हणून ओढणं लवकर संपतं आणि परत पुढे यायलाही त्याला कमी अंतर सरकायचं असतं. तेव्हा दर वाढवण्यासाठी त्याला हातपाय वेगाने हलवावे लागतात असंही नाही. कागदावर दोघे बरोबरीत आले. इथपर्यंत येऊन पुष्कळ लोक थांबतात आणि उंचीचं कौतुक फाजील आहे असा निष्कर्ष काढतात. खरी मेख याच्या पुढे आहे.

प्रत्येक वल्हवण्यावर एक ठरलेला टोल लागतो आणि वल्हं लांब ओढलं की आखूड, टोल तेवढाच राहतो. त्याचा पहिला भाग अंगाच्या वजनाचा. रोइंगच्या नावेत बैठक चाकांवर सरकते. ओढताना पाय ताणून सगळं अंग मागे जातं, मग गुडघे दुमडत पुन्हा पुढे. 75 किलोचं अंग पुढे येताना थांबवायचं, उलट फिरवायचं, वेग द्यायचा आणि मागे गेल्यावर पुन्हा थांबवायचं. सरकण्याचा वेग सारखा असेल तर प्रत्येक खेपेला यात जाणारी ऊर्जाही सारखी. 38 वेळा हे करणारा 34 वेळा करणाऱ्यापेक्षा सुमारे बारा टक्के जास्त टोल भरतो, आणि त्यातून नाव हातभरही पुढे जात नाही. मशीनच्या पडद्यावर हा खर्च दिसत नाही. तो दिसतो धापेत आणि शेवटच्या 500 मीटरमध्ये.

टोलाचा दुसरा भाग पाण्याच्या पकडीचा. वल्ह्याचं पातं पाण्यात शिरतं तेव्हा लगेच पकड मिळत नाही. पातं पूर्ण बुडून पाण्याला अडेपर्यंत दांडा काही सेंटिमीटर फुकट येतो. शेवटी पातं बाहेर काढतानाही थोडं अंतर असंच वाया जातं. दोन्ही मिळून दहा सेंटिमीटर धरले तर दीड मीटरमधून ते वजा होणं वेगळं आणि सव्वा-दीडच्या मधल्या मापातून वेगळं. शिवाय आखूडवाल्याचं हे नुकसान मिनिटाला चार वेळा जास्त होतं.

नावेचे जाणते प्रशिक्षक काठावरून किंवा मोटरबोटीतून हे डोळ्यांनी वाचतात. पातं वर निघालं की पाण्यावर एक गोल भोवरा उरतो. एका भोवऱ्यापासून पुढच्या भोवऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे नाव एका खेपेत किती गेली त्याचं माप. लांब ओढणाऱ्याचे भोवरे दूरदूर आणि घट्ट दिसतात. दर वाढवूनही भोवरे जवळजवळ यायला लागले आणि फेस जास्त दिसू लागला, तर समजायचं की गडी दमतोय आणि खेपा वाढल्या तरी नाव वाढत नाहीये.

आखूड माणसाला मदत करायची एक जागा आहे: नावेची जुळवणी. वल्हं ज्या खुंटीवर फिरतं तिला पिन म्हणतात. दोन पिनांमधलं अंतर आणि पिनेपासून हातापर्यंतचा दांडा थोडा कमी केला की हाताच्या तेवढ्याच हालचालीत वल्हं जास्त मोठ्या कोनातून फिरतं. दोन हातांनी दोन वल्ही चालवण्याच्या प्रकारात आतला दांडा साधारण 88 सेंटिमीटरचा असतो. तो 86 केला तर आपल्या ठेंगण्या गड्याला ढोबळ हिशेबाने दीड-दोन अंश जास्त मिळतात. उंच गड्याशी असलेली तफावत मात्र नऊ-दहा अंशांची आहे. शिवाय आतला दांडा आखूड झाला की वल्हं हाताला जड लागतं, म्हणून बाहेरचा भागही कापावा लागतो. म्हणजे जुळवणीने फरक बुजतो, पण सगळा नाही.

उरलेला फरक जिद्दीने भरून काढायला गेलं की वेगळंच काहीतरी होतं. आखूड गडी पुढे येताना शेवटच्या क्षणी खांदे फेकतो, कंबर गोल करतो आणि आणखी चार सेंटिमीटर मिळवतो. पण त्या अवस्थेत पातं उशिरा बुडतं, त्यामुळे मिळवलेले चार सेंटिमीटर हवेतच जातात. वर गोल झालेल्या कंबरेवर पहिला झटका येतो. रोइंगमध्ये कंबरेची दुखणी फार आणि त्यांतली बरीचशी अशी उसनी लांबी घेण्यातून येतात. माझ्या मते शिकवणाऱ्याने आखूड खेळाडूला ‘अजून पुढे ये’ असं ओरडण्याआधी पिनेची जागा बघावी.

रोइंगमध्ये पाय, धड, हात या तिन्हींची लांबी उपयोगी पडते, कारण दांडा तिघं मिळून ओढतात आणि त्यात पायांचा वाटा मोठा असतो. पोहण्यात मात्र लांबी कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. मायकेल फेल्प्सची उंची सुमारे 193 सेंटिमीटर. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांपर्यंत मोजलेली त्याची वाव दोन मीटरच्या पुढे जाते. बहुतेकांची वाव उंचीच्या आसपास असते, त्याची आठेक सेंटिमीटर जास्त. याहून नवलाचे आहेत त्याचे पाय. मोरोक्कोचा मध्यम पल्ल्याचा महान धावपटू हिशाम अल गरूज फेल्प्सपेक्षा सुमारे 18 सेंटिमीटरने बुटका, पण दोघांच्या पायांची लांबी जवळजवळ सारखी. डेव्हिड एपस्टीन या क्रीडालेखकाने ही जोडी प्रसिद्ध केली. म्हणजे फेल्प्सची जास्तीची सगळी उंची कंबरेच्या वर आहे.

याचा उपयोग काय, हे कुठल्याही तलावात पडून बघता येतं. छातीत हवा भरून, हात अंगालगत ठेवून पाण्यावर उताणं निजा. थोड्या वेळात पाय खाली जायला लागतात. फुप्फुसांतली हवा छातीला वर उचलते, तर हाडा-स्नायूंनी जड झालेल्या पायांना उचलणारं काही नाही. आता हात हळूच डोक्यामागे सरळ ताणा, पाय थोडे वर येतात, कारण अंगाचं वजन डोक्याच्या बाजूला सरकलं. लांब धड, लांब हात आणि आखूड पाय असलेल्या माणसाला ही सोय जन्मतःच मिळालेली असते. त्याचं अंग सपाट राहतं. ज्याचे पाय बुडतात तो पाण्याला जास्त रुंद अंग दाखवतो, आणि ते पाय वर ठेवायला त्याला लाथा माराव्या लागतात. पुढे जायला वापरायची ताकद तरंगायला खर्च होते.

लांबीचा दुसरा फायदा लाटेतला. पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकणारी कोणतीही वस्तू स्वतःच लाट उठवते. डोक्यापाशी एक उंचवटा तयार होतो, त्याच्या मागे खळगा, मग पुन्हा उंचवटा. वेग वाढला की हे दोन उंचवटे एकमेकांपासून लांब जातात. ते अंतर अंगाच्या लांबीइतकं झालं की पोहणारा स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकतो आणि पुढच्या प्रत्येक पावलाला जास्त किंमत मोजावी लागते. जहाजं बांधणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे, म्हणून लांब जहाज तेवढ्याच इंधनात वेगाने जातं. त्यांचा हिशेब माणसाला लावला तर 170 सेंटिमीटरच्या देहाला ही अडचण सेकंदाला सुमारे 1.63 मीटरला येते, 193 सेंटिमीटरच्या देहाला 1.74 मीटरला. ही काही भिंत नव्हे, अव्वल पोहणारे ती ओलांडतात. पण चढ कुठून सुरू होतो ते लांबीवर ठरतं. पुढे ताणलेला हातही या लांबीत धरावा लागतो. फ्रीस्टाइलमध्ये एक हात पुढे पोचेपर्यंत दुसरा पुढेच ठेवायला शिकवतात त्याला हेही एक कारण आहे.

लाटेचा हा खर्च किती मोठा आहे हे 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये दिसलं. अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकच्या शर्यतीत उडी घेतल्यावर बराच वेळ वर आलाच नाही, पाण्याखालून लाथा मारत पुढे निघून गेला. खोल पाण्यात लाट उठत नाही, म्हणून तो वेगवान. मग पाण्याखालून जाण्यावर मर्यादा आली, आज ती 15 मीटरची आहे. त्यानंतर डोकं वर काढायचंच आणि लाटेचा खर्च भरायचाच.

आता हात. इथे मात्र एक खरी अडचण आहे आणि उंचीचे भक्त ती सांगत नाहीत. खांदा हा उखळीचा सांधा. हात जितका लांब, तितकं पाण्याचं ओझं खांद्यापासून दूर, म्हणजे त्याच स्नायूला तेवढाच जोर लावायला जास्त कष्ट. दोन माणसांच्या खांद्यांची ताकद सारखी असेल तर लांब हातवाल्याच्या तळव्याशी कमी जोर पोचतो. मग फायदा कसला?

तो पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी हाताला घट्ट धरून ठेवत नाही, मागे सरकतं. पुढे जायला जो धक्का हवा तो मागे ढकललेल्या पाण्याच्या वजनाला त्याच्या वेगाने गुणून मिळतो. पण त्या पाण्याला वेग द्यायला लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दुप्पट पाणी अर्ध्या वेगाने ढकललं तर धक्का तोच आणि वाया जाणारी ऊर्जा निम्मी. लांब हाताला लांब दंड, लांब कोपराखालचा भाग आणि बहुधा मोठा पंजा असतो, तो जास्त पाणी सावकाश ढकलतो. आखूड हाताला थोडं पाणी जोरात मागे फेकावं लागतं. त्यात भर म्हणजे खांद्याचा स्नायू सावकाश आखडला तर जास्त जोर देतो, घाईने आखडला तर कमी. मोजायची पद्धत साधी आहे: 50 मीटरच्या तलावात दोघांना एकाच वेळेत एक लांबी पोहायला लावायचं आणि हात मोजायचे. वेळ सारखी असूनही एकाचे 34 आणि दुसऱ्याचे 42 हात होत असतील, तर दुसऱ्याने आठ वेळा जास्त हात हवेतून पुढे आणला. पुन्हा तोच टोल.

फेल्प्सच्या वावेचं नाव काढलं की लोक 2008ची बीजिंगची 100 मीटर बटरफ्लाय आठवतात. त्याची वेळ 50.58 सेकंद, सर्बियाच्या मिलोराद चाविचची 50.59. लांब हातामुळे जिंकला, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. चाविच त्याच्याहून उंच होता. शेवटी चाविच हात पुढे ताणून सरकत राहिला आणि फेल्प्सने आणखी एक आखूड फटका मारला, म्हणून त्याचा हात भिंतीवर आधी दाबला गेला. त्या एका क्षणात लांबी हरली म्हणायला हरकत नाही.

लांबीवर मात केलेली माणसं आहेतच. जॅनेट इव्हान्स जेमतेम साडेपाच फुटांची. सोलला तिने तीन सुवर्णपदकं घेतली, आणि 1989 साली 800 मीटर फ्रीस्टाइलमध्ये केलेला 8 मिनिटं 16.22 सेकंदांचा विक्रम 2008पर्यंत कुणाला मोडता आला नाही. ती हात ताठ ठेवून इतक्या वेगाने फिरवायची की शिकवणाऱ्यांना ते बघवत नसे. पण तिचं वजन फार थोडं होतं, पाण्यात अंग कमी होतं, आणि दमसास असा की जास्त हातांचा टोल ती भरू शकत होती. पल्लाही लांबचा होता. वेग जितका कमी तितका लाटेचा खर्च कमी. 50 मीटरमध्ये असं शरीर सहसा वर येत नाही. ब्रेस्टस्ट्रोकमध्येही वेग कमी असतो आणि लय साधली की बरंच मिळतं. तिथे जपानचा कोसुके किताजिमा 178 सेंटिमीटरच्या उंचीवर 2004 आणि 2008 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये 100 आणि 200 मीटरची सुवर्णपदकं घेऊन गेला.

रोइंगमध्ये उंचीला वजनाची किंमत असते. गडी जितका जड तितकी नाव खोल बसते आणि पाण्याशी जास्त घासते. त्यामुळे नुसता उंच आणि सुस्त माणूस नावेला ओझंच. तरीही लहान चणीच्या खेळाडूंना खुल्या गटात निभाव लागत नाही हे मान्य करून 1996पासून ऑलिंपिकमध्ये हलक्या वजनाचा गट ठेवला होता. पुरुषांना 72.5 किलोची कमाल मर्यादा. आपले अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग याच गटात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकले. 2024च्या पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून हा गट काढून टाकला. भारतासारख्या देशांना तो निर्णय जड जाणार, असं माझं मत आहे.

आईवडील आणि शिबिरं घेणारे अनेकदा फूटपट्टी घेऊन बारा-तेरा वर्षांच्या मुलांमागे लागतात, तेव्हा एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वयात येताना हातपाय आधी लांबतात आणि धड मागाहून वाढतं. तेराव्या वर्षी नुसताच लांब पायांचा वाटणारा मुलगा सोळाव्या वर्षी लांब धडाचा निघू शकतो, आणि लवकर वयात आल्यामुळे उंच दिसणारा मुलगा पुढे तिथेच थांबू शकतो. मापं घ्यायचीच असतील तर वाव भिंतीला पाठ लावून, हात खांद्याच्या रेषेत ठेवून घ्यावी. बैठी उंची सपाट स्टुलावर ताठ बसवून, बैठकीपासून टाळूपर्यंत. दर सहा महिन्यांनी तीच मापं पुन्हा घ्यावीत आणि त्यांच्या शेजारी 50 मीटरला लागलेला वेळ आणि मारलेले हात लिहावेत. वाव न वाढता हात कमी होत असतील आणि वेळही कमी होत असेल, तर ते मूल पाणी धरायला शिकतंय.